गेम इंजिन काय सांभाळतं आणि फोन तापला की उडी का चुकते

प्रश्न: दादा, मी नागपूरला बी.टेक. सेकंड इयर करून राहिलो. सी++ बऱ्यापैकी येते. झाडावरची संत्री उडी मारून तोडायची आणि टोपलीत टाकायची, असा एक छोटा टू-डी गेम फोनसाठी बनवायचा आहे. सगळे म्हणतात इंजिन घे. पण गेम इंजिन म्हणजे नेमकं काय असतं? ते काय काय स्वतः करतं आणि मग मला काय करायचं उरतं?

उत्तर:

थोडक्यात सांगायचं तर घड्याळ इंजिनच्या हातात असतं आणि नियम तुझ्या हातात. फोनशी बोलणं, चित्र काढणं, आवाज वाजवणं, वस्तू एकमेकींना लागल्या का ते बघणं आणि हे सगळं सेकंदाला साठ वेळा न चुकता करत राहणं हे इंजिनचं काम. संत्रं तोडल्यावर काय व्हावं, हे तू ठरवायचं. या दोघांच्या सीमेवर मात्र घोळ होतात, म्हणून तुझ्याच गेममधली एक उडी घेऊन ती सीमा दाखवतो.

तुला सी++ येते, तेव्हा तिथूनच सुरू करू. इंजिन न घेता लिहायला बसलास तर कुठल्याही गेमचा गाभा हाच निघेल:

```cpp
while (running) {
    readInput();
    update();
    draw();
}
```

हा लूप गेम बंद होईपर्यंत फिरतो. एक फेरी म्हणजे एक फ्रेम. सेकंदाला ६० फ्रेम दाखवायच्या तर एका फेरीला साधारण १६.७ मिलिसेकंद मिळतात आणि तिन्ही कामं तेवढ्यात उरकावी लागतात. ओळी तीनच आहेत, पण `readInput()` च्या पोटात अँड्रॉइडचा टच, कीबोर्ड, जॉयस्टिक असं सगळं येतं. `draw()` च्या पोटात तर प्रत्येक फोनचा वेगळा जीपीयू, त्याचे वेगळे ड्रायव्हर आणि त्यांचे वेगळे नखरे. इंजिन म्हणजे हा लूप आधीच लिहून, वेगवेगळ्या यंत्रांवर घासून-पुसून तयार ठेवलेला, आणि सोबत एक एडिटर, ज्यात तू चित्रं आणून मांडतोस, आकार जोडतोस, आवाज लावतोस.

लायब्ररी आणि इंजिन यांत लोक गल्लत करतात. लायब्ररी घेतलीस तर `main()` तुझं असतं आणि हवं तेव्हा तू तिला हाक मारतोस. इंजिनमध्ये उलटं होतं. लूप त्याचा, आणि तो तुझ्या फंक्शनला हाक मारतो. वसंतराव देशपांडे सभागृहात नाटक लावलं तर रंगमंच, दिवे, ध्वनी, पडदा हे सगळं तिथलं असतं. तिसरी घंटा झाली की तुला एंट्री घ्यावीच लागते. संवाद मात्र तुझे. गोडो इंजिनमध्ये या एंट्रीची नावं `_process` आणि `_physics_process` अशी आहेत, युनिटीत `Update` आणि `FixedUpdate`. दोन-दोन का, ते पुढे येईल. खरं तर तुझ्या प्रश्नाचं निम्मं उत्तर तिथेच आहे.

इंजिन हा शब्द या अर्थाने रुळला तो १९९० च्या दशकात. आयडी सॉफ्टवेअरने १९९३ मध्ये डूम काढला तेव्हा गेम चालवणारा प्रोग्राम वेगळा आणि नकाशे, चित्रं, आवाज यांची डेटा फाइल वेगळी ठेवली होती. लोकांनी त्याच प्रोग्रामवर आपापले नकाशे बनवून चालवले. चालवणारा भाग एक आणि त्यावर गेम अनेक, ही कल्पना तिथून पक्की झाली.

आता तुझा गेम. उदाहरणं गोडोमधली, त्याच्या जीडीस्क्रिप्ट भाषेत देतो, कारण ते फुकट आहे, त्याचा सोर्स खुला आहे आणि साध्या लॅपटॉपवरही चालतं.

खेळणाऱ्याने स्क्रीनवरच्या उडीच्या बटणाला बोट लावलं. अँड्रॉइडकडून टचची खबर येते. ती कुठल्या बटणावर पडली ते इंजिन बघतं आणि तू आधी ठरवून दिलेल्या `jump` या नावाशी जोडतं. लॅपटॉपवर स्पेस दाबली तरी तेच नाव, जॉयस्टिकचं बटण दाबलं तरी तेच. तुझ्या कोडला फक्त एवढंच कळतं की `jump` आत्ता दाबलं गेलं. मग इंजिन तुझ्या फंक्शनला हाक मारतं. तू पोराचा, म्हणजे गेममधल्या उडी मारणाऱ्या पात्राचा वेग बदलतोस, जागा बदलतोस. त्यानंतर इंजिन आपलं काम पुढे चालवतं: पोरगं जमिनीला, फांदीला, संत्र्याला लागलं का ते तपासतं, अ‍ॅनिमेशनचं पुढचं चित्र निवडतं, स्क्रीनबाहेरच्या वस्तू वगळतं, उरलेल्यांची यादी जीपीयूला देतं आणि आवाजाचा पुढचा तुकडा स्पीकरकडे सरकवतं. यातलं तू लिहिलेलं किती? चार ओळी. त्या चार ओळींत चूक करायला मात्र भरपूर जागा आहे.

पोराला चालवण्यापासून सुरुवात कर. नवीन माणूस पहिल्यांदा हटकून हेच लिहितो:

```gdscript
func _process(delta):
    position.x += 5
```

`_process` दर फ्रेमला एकदा चालतं. ६० हर्ट्झच्या फोनवर पोरगं सेकंदाला ३०० पिक्सेल जातं. तोच गेम १२० हर्ट्झवर चालला की ६०० पिक्सेल, म्हणजे दुप्पट वेग. आणि मे महिन्यात दुपारी बर्डीवर उभं राहून कुणी खेळत असेल तर? फोन तापला की स्वतःची चिप हळू करतो. फ्रेम ६० वरून ३० वर येतात आणि पोरगं अर्ध्या वेगाने चालायला लागतं. गेम तोच, एपीके तीच, चाली तीन.

यावरचा उपाय सगळ्या ट्युटोरियलमध्ये असतो. आधीच्या फ्रेमपासून किती सेकंद गेले तो आकडा इंजिन `delta` मध्ये देतं, त्याने गुणायचं. `position.x += 300 * delta` लिहिलं की फ्रेम कितीही पडोत, सेकंदाला ३०० पिक्सेलच होतात. बहुतेक ट्युटोरियल इथे थांबतात. सरळ चालण्यासाठी हे पुरतंही, पण उडीसाठी पुरत नाही, आणि का ते फार कमी जण सांगतात.

उडी अशी लिहिली समज (जमिनीचा तपास इथे गाळला आहे):

```gdscript
func _process(delta):
    if Input.is_action_just_pressed("jump"):
        vel.y = -600.0
    vel.y += 980.0 * delta
    position.y += vel.y * delta
```

गोडोच्या टू-डीमध्ये y खाली वाढतो, म्हणून वर जायला उणे. बारावीच्या फिजिक्सप्रमाणे उडीची उंची वेगाचा वर्ग भागिले दुप्पट गुरुत्व. ६०० चा वर्ग ३,६०,००० आणि भागिले १,९६०, म्हणजे साधारण १८४ पिक्सेल. फोनवर मात्र १८४ येत नाहीत. आपण वेग सलग बदलत नाही, फ्रेमच्या सुरुवातीला एकदम बदलतो आणि मग पूर्ण फ्रेमभर त्याच कमी झालेल्या वेगाने पोराला नेतो. त्यामुळे उंची दरवेळी थोडी कापली जाते. किती? सुरुवातीचा वेग गुणिले फ्रेमचा वेळ, भागिले दोन. ६० फ्रेमला ६०० भागिले ६०, त्याचं निम्मं, म्हणजे ५ पिक्सेल. उडी सुमारे १७९ ची. १२० फ्रेमला अडीच पिक्सेल कापले जातात, उडी १८१ ची. ३० फ्रेमला १० पिक्सेल, उडी १७४ ची.

आता तू संत्र्याची फांदी १७६ पिक्सेलवर ठेवली आहेस असं धर. तुझ्या लॅपटॉपवर पोरगं आरामात पोचतं. मित्राच्या महागड्या फोनवर पोचतं. तापलेल्या स्वस्त फोनवर दोन पिक्सेल कमी पडतात आणि ती पातळी कधीच पार होत नाही. खेळणारा लिहितो, "लेव्हल ४ मध्ये बग आहे, उडी पुरत नाही." तू तपासतोस, तुझ्याकडे पुरते. `delta` ने गुणलेलं आहे, कोड बघितला तर कुठेच चूक दिसत नाही. असली तक्रार आली की फांदीची उंची बदलायच्या आधी लॅपटॉपवरच फ्रेम मुद्दाम कमी करून बघ. `_ready()` मध्ये `Engine.max_fps = 30` एवढी एक ओळ टाकली की तो फोन तुझ्या टेबलावर आला समज. उडी बदलली तर दोष फ्रेमच्या गणिताचा आहे.

इथे इंजिनचं दुसरं घड्याळ कामाला येतं. `_physics_process` ला हाक फ्रेमच्या हिशेबाने येत नाही, ठराविक ठोक्यांनी येते. गोडोमध्ये हा ठोका मुळात सेकंदाला ६०, युनिटीत दर ०.०२ सेकंदाला एक, म्हणजे ५०. इंजिन गेलेला वेळ जमा करत जातं आणि एका ठोक्याइतका साठला की एकदा हाक मारतं. फोन ३० फ्रेमवर घसरला तर एका फ्रेममध्ये दोन ठोके उरकतं. १२० हर्ट्झवर असेल तर दर दोन फ्रेमला एक. तुझ्या फंक्शनला `delta` नेहमी तोच मिळतो, १ भागिले ६०. वरचा कोड जसाच्या तसा उचलून फक्त फंक्शनचं नाव `_physics_process` केलंस की उडी सगळीकडे १७९ ची होते. १८४ होत नाही, पण त्याने बिघडत नाही. फांदी कुठे लावायची ते तू खेळून बघून ठरवणार आहेस, आणि तू बघितलेली उडी आता सगळ्यांची उडी आहे.

म्हणून माझा साधा नियम असा: ज्याने गेमचा निकाल बदलतो ते सगळं ठोक्यात, जे नुसतं दिसण्यापुरतं आहे ते फ्रेममध्ये. हलणारी पानं, चमकणारा स्कोअर, मेनू सरकणं हे `_process` मध्ये राहू दे.

ठोक्यालाही मर्यादा आहेत. फोन इतका मंदावला की एका फ्रेममध्ये पुष्कळ ठोके उरकायची वेळ आली, तर ते उरकण्यातच वेळ जातो, त्यामुळे पुढच्या फ्रेमला अजून जास्त ठोके साठतात आणि गेम गळ्यापर्यंत बुडतो. म्हणून इंजिन एक हद्द ठेवतं. गोडोमध्ये एका फ्रेमला जास्तीत जास्त ८ ठोके, म्हणजे साडेसात फ्रेमच्या खाली गेलं की ते मागचं सोडून देतं आणि गेम सरळ संथ होतो. तिथवर गेम गेला असेल तर खेळणारा तसाही बंद करतो, सोड. दुसरी अडचण रोज दिसणारी आहे: १२० हर्ट्झच्या स्क्रीनवर पोरगं एक फ्रेम सोडून एक फ्रेम हलतं आणि किंचित थरथरल्यासारखं वाटतं. गोडो ४.३ पासून टू-डीसाठी फिजिक्स इंटरपोलेशन आहे. ते प्रोजेक्ट सेटिंगमध्ये चालू केलं की दोन ठोक्यांच्या मधली जागा इंजिन स्वतः काढून दाखवतं.

तिसरी मर्यादा तुझ्या टोपलीत निघेल, तिच्याकडे नीट बघ. संत्रं वरून पडतं आणि टोपलीत गेलं की एक गुण. तू टोपलीच्या तोंडाशी ८ पिक्सेल जाडीची एक पट्टी लावलीस, गोडोत तिला `Area2D` म्हणतात. संत्र्याचा व्यास २४. पट्टीला संत्रं लागलं का, हे इंजिन दर ठोक्याला बघतं, दोन ठोक्यांच्या मध्ये काय झालं ते बघत नाही. म्हणजे संत्र्याचा मध्य ८ अधिक २४, अशा ३२ पिक्सेलच्या टापूत निदान एका ठोक्याला सापडला पाहिजे. हजार पिक्सेलवरून पडलेलं संत्रं ९८० च्या गुरुत्वाने खाली येईपर्यंत सेकंदाला १,४०० पिक्सेलचा वेग घेतं, म्हणजे ठोक्याला २३ पिक्सेल. बत्तीसपेक्षा कमी, काही चुकत नाही.

मग दहाव्या पातळीला तू गेम अवघड करायला गुरुत्व तिप्पट करतोस. वेग तिप्पट होत नाही, तिनाच्या वर्गमुळाइतका वाढतो, सुमारे २,४२५. ठोक्याला ४० पिक्सेल. आता एका ठोक्याला संत्रं पट्टीच्या वर आहे, पुढच्याला थेट खाली. मधली भेट इंजिनला दिसलीच नाही. साधारण पाचातलं एक संत्रं डोळ्यांदेखत टोपलीतून आरपार जातं आणि गुण मिळत नाही. खेळणाऱ्याला वाटतं गेम खोटारडा आहे.

हे ओळखायची खूण अशी की चूक कधी कधी होते, वेग वाढला की जास्त होते आणि वस्तू हळू केली की गायब होते. एडिटरच्या Debug मेनूत `Visible Collision Shapes` चालू केलंस की पट्टी आणि संत्र्याचा गोल स्क्रीनवर दिसतात. ठोका मुद्दाम कमी करून, `Engine.physics_ticks_per_second = 20` करून चालव, म्हणजे आरपार जाणं ढळढळीत दिसेल. उपाय तीन आहेत. ठोका १२० केला तर अंतर २० वर येतं, पण सगळ्या गेमचं फिजिक्सचं काम दुप्पट होतं, स्वस्त फोनला ते झेपेलच असं नाही. संत्रं `RigidBody2D` असेल तर त्याच्या `continuous_cd` मध्ये मधला रस्ता तपासायची सोय आहे, पण ती भिंतीसारख्या टणक वस्तूंसाठी. `Area2D` च्या पट्टीला तिचा उपयोग नाही. तिसरा उपाय फुकटचा: पट्टी जाड कर. टोपलीच्या आत खालपर्यंत ४० पिक्सेलचा आकार दे. खेळणाऱ्याला तो दिसत नाही, टापू ६४ चा होतो आणि ४० पिक्सेलची उडी त्यातून सुटू शकत नाही. मी नेहमी हाच आधी करतो.

फिजिक्स इंजिनचं असूनही आकार किती जाड हवा हे ते तुला सांगत नाही, हे लक्षात आलं का? टक्कर तपासणं त्याचं, टक्कर सापडेल अशी मांडणी तुझी.

चित्रांचंही तसंच. पीएनजी फाइल दिलीस की इंजिन ती फोनला चालेल अशा रूपात आणतं आणि दाखवतं. पण फाइलचा आकार आणि मेमरीतला आकार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. २०४८ बाय २०४८ चं पार्श्वचित्र डिस्कवर ८०० केबीचं असेल, पण जीपीयूच्या मेमरीत प्रत्येक पिक्सेलला ४ बाइट, म्हणजे १६ एमबी होतात. मागे अंबाझरी, फुटाळा, संत्र्याची बाग अशी दहा पार्श्वचित्रं एकदम लोड केलीस तर नुसत्या पडद्यामागेच १६० एमबी. कमी रॅमच्या फोनवर गेम काही न बोलता बंद होतो, कारण अँड्रॉइडच त्याला बाहेर काढतं. इंपोर्ट सेटिंगमध्ये जीपीयूचं कॉम्प्रेशन निवडलं की तेच चित्र ४ एमबीच्या आसपास येतं, थोडा दर्जा जातो. बारीक पिक्सेल आर्टला मात्र ते लावू नकोस, कडा खराब होतात. आणि जी पातळी चालू आहे तिचंच चित्र लोड कर. इंजिन लोड करून देतं, कधी करायचं ते तू ठरवतोस.

आता मराठीचा विषय. हा इंग्रजी ट्युटोरियलमध्ये येत नाही, पण आपल्याला रोज नडतो. गेम मराठीत असणार ना? स्क्रीनवर "किती संत्री तोडली?" लिहायचं आहे. कॉम्प्युटरमध्ये हा मजकूर क, मग पहिली वेलांटी, मग त, मग दुसरी वेलांटी अशा क्रमाने साठवलेला असतो. दाखवताना पहिली वेलांटी अक्षराच्या आधी न्यावी लागते आणि त, हलन्त, र यांचं मिळून त्र करावं लागतं. ही जुळणी करणारा भाग इंजिनमध्ये नसेल तर वेलांटी क च्या पुढे जाऊन बसते आणि संत्रीतला त्र फुटून हलन्त लोंबकळताना दिसतो. गोडो ३ मध्ये हा भाग नव्हता. मार्च २०२३ मध्ये गोडो ४ आलं तेव्हापासून त्यात हार्फबझ नावाची जुळणी करणारी लायब्ररी आहे. अनरियल इंजिनमध्येही तीच वापरतात. युनिटीत सगळे ज्याने मजकूर लिहितात त्या टेक्स्टमेशप्रोमध्ये देवनागरीची ही जुळणी नाही. म्हणून इंजिन ठरवायच्या आधी पहिल्या दिवशी एक रिकामा प्रोजेक्ट उघडून "किती संत्री तोडली?" एवढं टाइप करून बघ. पाच मिनिटांचं काम आहे. गेम अर्धा झाल्यावर हे कळलं तर सगळे मजकूर चित्र म्हणून काढत बसायची वेळ येते.

गोडो ४ मध्येही एक खड्डा आहे. इंजिनसोबत येणाऱ्या फाँटमध्ये देवनागरी नाही. लॅपटॉपवर आणि अँड्रॉइडवर ते मुकाट्याने सिस्टिमचा फाँट उसना घेतं, म्हणून सगळं ठीक वाटतं. तोच गेम ब्राउझरसाठी एक्सपोर्ट केला की तिथे सिस्टिमचा फाँट मिळत नाही आणि अक्षरांच्या जागी चौकोन दिसतात. `Mukta` किंवा नोटो सान्स देवनागरी असा मोकळ्या परवान्याचा फाँट सुरुवातीलाच प्रोजेक्टमध्ये टाकून थीमला लावून ठेव. आणि संवाद एकेक अक्षर टाइप होतोय असं दाखवायचं असेल तर मजकुराचे तुकडे स्वतः कापू नकोस, आधी त् दिसतो आणि मग त्याचा त्र होतो, फार वाईट दिसतं. `Label` च्या `visible_characters_behavior` मध्ये `Characters After Shaping` निवड आणि मोजणी इंजिनवर सोड.

मग तुझं काय उरतं? जे खेळताना हाताला जाणवतं ते जवळजवळ सगळं. एक उदाहरण देतो. पोरगं फांदीच्या टोकावरून धावत येतं आणि खेळणारा अगदी शेवटी उडीचं बटण दाबतो. त्याच्या बोटाला थोडा उशीर झाला, पाय दोन ठोक्यांपूर्वीच फांदीवरून सुटलेला. इंजिनच्या हिशेबाने पोरगं हवेत आहे, उडी नाही, धपकन खाली. नियमाने बरोबर आहे, पण खेळणारा चिडतो, कारण त्याच्या मते त्याने वेळेवर दाबलं होतं. म्हणून बहुतेक चांगल्या गेममध्ये फांदी सुटल्यावरही साधारण ०.१ सेकंद, म्हणजे ६ ठोके उडी चालू देतात. हे इंजिनच्या कुठल्याही सेटिंगमध्ये नाही. एक मोजणारा व्हेरिएबल तू ठेवायचा, पाय टेकलेला असताना तो ६ वर आणायचा, हवेत दर ठोक्याला एकने कमी करायचा, शून्याच्या वर असेपर्यंत उडी मान्य करायची आणि उडी झाली की तो लगेच शून्यावर आणायचा. सहा बरोबर की आठ, हे पाच-सहा मित्रांच्या हातात फोन देऊन, काही न सांगता बघत बसूनच कळतं. संत्र्याला किती गुण, सडकं संत्रं कधी यावं, तिसऱ्या पातळीला माकड आणावं का, हेही तसंच.

इंजिन कुठलं, यावर लोक तासन् तास वाद घालतात. तुझ्या गेमपुरतं सांगतो. टू-डी, मराठी मजकूर, एकटा माणूस आणि साधा लॅपटॉप म्हटलं की गोडो ४ घे, आणि प्रोजेक्ट बनवताना रेंडरर `Compatibility` निवड, म्हणजे जुन्या फोनवरही चालेल. कंपनीत नोकरी हवी असेल तर युनिटी पुढे शिकावं लागेल. तिथे मोबाइल गेमचं काम बरंच त्यावर चालतं. परवान्याच्या अटी मात्र वाचत जा. युनिटीने सप्टेंबर २०२३ मध्ये इन्स्टॉलप्रमाणे पैसे घ्यायचं जाहीर केलं, आरडाओरडा झाला आणि वर्षभराने ते मागे घेतलं. अनरियल या गेमसाठी फार जड आहे.

आणि तुझी सी++ वाया जात नाही. गोडो स्वतः सी++ मध्ये लिहिलेलं आहे आणि `GDExtension` मार्गाने तुझा सी++ कोड त्यात जोडता येतो. पण संत्र्याच्या गेमला त्याची गरज पडणार नाही. आधी सगळं जीडीस्क्रिप्टमध्ये लिही. फ्रेम पडायला लागल्या तर एडिटरच्या खालच्या पट्टीत Debugger उघड, त्यात Profiler चालू कर आणि १६.७ मिलिसेकंदांतले किती तुझ्या फंक्शनमध्ये जातात ते बघ. बहुतेक वेळा तिथे एक-दोन मिलिसेकंद दिसतील आणि उरलेला भार चित्रांचा निघेल. तसं असेल तर सी++ लिहून काही मिळणार नाही, पार्श्वचित्रं लहान कर.